साखर, शर्करा, शुगर, ग्लुकोज: आरोग्याच्या लेखात एकाच गोष्टीला किती नावं द्यायची?

आज एखाद्या आजाराबद्दल लिहिण्याऐवजी आजारांबद्दल जे लेख लिहिले जातात त्यांच्याबद्दल लिहितोय. विषय भाषेचा वाटेल, पण त्याचा संबंध थेट तुमच्या औषधाच्या डब्याशी आहे.

मराठीतले आरोग्यविषयक लेख तुम्ही वाचत असाल. रविवारच्या पुरवणीत येतात, दवाखान्यातल्या पत्रकांवर असतात, व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्यातल्या बऱ्याच लेखांत एक सवय दिसते. एकच शब्द दोनदा आला की लेखकाला अवघडल्यासारखं होतं. मग पहिल्या वाक्यात ‘साखर’, दुसऱ्यात ‘शर्करा’, तिसऱ्यात ‘ग्लुकोज’, चौथ्यात ‘शुगर’. लेखकाला वाटतं भाषा समृद्ध झाली. वाचणाऱ्या माणसाला मात्र चार वेगळ्या गोष्टी दिसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. कथेत, ललित लेखात शब्द हवे तितके बदला. पण ज्या लेखातलं वाक्य वाचून कुणीतरी गोळी घेणार आहे, तपासणी करणार आहे किंवा घरातल्या माणसाला काहीतरी भरवणार आहे, त्या लेखात एका गोष्टीला एकच नाव हवं. ते बदलायचंच असेल तर त्याचे नियम आहेत, ते पुढे सांगतो. आधी नुकसान कसं होतं ते पाहू.

एक नमुना

खालचा परिच्छेद मी अशा लेखांच्या धाटणीवर स्वतः तयार केला आहे. तो कुठल्या एका लेखातून उचललेला नाही, पण वाचताना ओळखीचा वाटेल.

“इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये हायपोग्लायसेमिया कधीही होऊ शकतो. रक्तशर्करा 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. ग्लुकोज आणखी उतरलं तर रुग्ण गोंधळतो. अशा वेळी लगेच साखर द्यावी. शर्करा दिल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. लो शुगरचे झटके वारंवार येत असतील तर डॉक्टरांना भेटा. दीर्घकाळ साखर 7 च्या खाली ठेवणं हेच उद्दिष्ट असावं.”

यातली वैद्यकीय माहिती ढोबळमानाने बरोबर आहे. डॉक्टर हा परिच्छेद अर्ध्या मिनिटात वाचून मान डोलावतील, कारण कोणता शब्द कशासाठी आला आहे ते त्यांना आधीपासून माहीत आहे. ज्याला माहीत नाही, त्याच्या बाजूने बघू.

या परिच्छेदात मुळात चार गोष्टी आहेत. पहिली, रक्तातलं प्रमाण, म्हणजे ग्लुकोमीटरवर दिसणारा आकडा. त्याला इथे दोन नावं दिली आहेत, ‘रक्तशर्करा’ आणि ‘ग्लुकोज’. दुसरी, तो आकडा फार खाली जाण्याची घटना. तिचीही दोन नावं, ‘हायपोग्लायसेमिया’ आणि ‘लो शुगरचे झटके’. त्यात ‘झटके’ हा शब्द वाचून कुणाला फिट्स आठवतील, कुणाला हार्ट अटॅक. तिसरी गोष्ट म्हणजे तोंडाने द्यायचा पदार्थ. तो एकदा ‘साखर’ आहे आणि पुढच्याच वाक्यात ‘शर्करा’. चौथी गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे, एचबीए1सी ही तपासणी, आणि तिलाही ‘साखर’च म्हटलं आहे.

म्हणजे गोष्टी चार आणि नावं सहा. त्यातलं ‘साखर’ हे नाव दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टींना वापरलं आहे. ‘शर्करा’ दुसऱ्या वाक्यात रक्तात आहे आणि पाचव्या वाक्यात चमच्यात.

हा फक्त शब्दांचा खेळ नाही

कुणी म्हणेल, “डॉक्टर, संदर्भाने कळतं की.” कधी कधी कळतं. पण जिथे कळत नाही तिथे काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, साठीच्या एक आजी आहेत. सकाळी त्या इन्सुलिन घेतात आणि जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर व्होग्लिबोजची गोळी. ही गोळी आपल्याकडे बऱ्याच मधुमेही रुग्णांना दिली जाते, कधी एकटी, कधी दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीत. तिचं काम आतड्यात चालतं. आपण खाल्लेलं पीठ आणि साखर रक्तात जाण्याआधी आतड्यात तुटावी लागते. ही तोडणारी जी रसायनं आतड्यात असतात, त्यांना ही गोळी अडवते. त्यामुळे जेवणानंतर रक्तातलं प्रमाण एकदम वर उसळत नाही.

आता या आजींचा आकडा एके दिवशी 58 वर आला. हात थरथरतायत, घाम फुटलाय. सुनेने मोबाईलवर लेख उघडला. त्यात लिहिलंय, “लगेच साखर द्यावी.” तिने डब्यातली तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली.

स्वयंपाकघरातली साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन तुकड्यांची जोडी आहे. ती तुटल्याशिवाय रक्तात जात नाही. आणि ती तोडण्याचं कामच त्या गोळीने अडवून ठेवलंय. त्यामुळे ज्या वेळी मिनिटं मोलाची असतात, त्या वेळी दिलेली साखर आतड्यात रेंगाळते. आकडा हवा तसा वर येत नाही. सुनेला वाटतं, साखर तर दिली, आता होईल बरं.

या आजींना ग्लुकोज पावडरच द्यायला हवी होती. ग्लुकोज आधीच सुटं असतं, ते तोडावं लागत नाही, म्हणून ते या गोळीला जुमानत नाही. अकार्बोज आणि मिग्लिटॉल या गोळ्यांनाही हेच लागू आहे. घरात ग्लुकोज नसेल तर अशा रुग्णांना दूध किंवा मध देतात, कारण त्यातली साखर या गोळीने तितकी अडत नाही. पण पहिली निवड ग्लुकोजच.

आता तो लेख पुन्हा आठवा. लेखकाने वरच्या वाक्यात ‘ग्लुकोज’ हा शब्द रक्तातल्या प्रमाणासाठी वापरला आणि खाली द्यायच्या पदार्थाला ‘साखर’ म्हटलं. त्याच्या मनात हे सगळे एकमेकांचे पर्यायी शब्द होते. एखाद्या दिवशी त्याने खाली ‘ग्लुकोज द्यावं’ असं लिहिलं असतं, तरी वाचणाऱ्याने साखरच दिली असती. कारण साखर आणि ग्लुकोज एकच आहेत हे त्याला वरच्या वाक्यांनी शिकवून ठेवलेलं असतं. शब्द अदलून बदलून वापरल्याचा हा खरा तोटा आहे. पुढे जेव्हा दोन शब्दांतला फरक सांगायची वेळ येते, तेव्हा तो सांगायला शब्दच शिल्लक राहत नाही.

7 आणि 70

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट, म्हणजे दोन गोष्टींना एकच नाव. नमुन्यात लिहिलं होतं की आकडा 70 च्या खाली गेला तर धोका. आणि शेवटी लिहिलं की साखर 7 च्या खाली ठेवा. वाचणाऱ्याने काय समजायचं? 70 च्या खाली धोका आहे, मग 7 च्या खाली कसं ठेवायचं?

हे दोन आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. 70 हा त्या क्षणी रक्तात किती ग्लुकोज आहे त्याचा आकडा, मिलिग्रॅममध्ये, एक डेसिलिटर रक्तामागे. 7 हा टक्का आहे. आपल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ग्लुकोज चिकटलेलं आहे ते एचबीए1सी सांगते, आणि त्यावरून साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते. एचबीए1सी 7 टक्के असेल, तर सरासरी अंदाजे 154 मिलिग्रॅम निघते. अनेक रुग्णांसाठी 7 टक्क्यांच्या आसपास हे उद्दिष्ट असतं, वयस्कर माणसांसाठी डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात. दोन्ही आकड्यांना ‘साखर’ म्हणण्यात लेखकाचा एक शब्द वाचतो, पण वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

“पण तेच तेच शब्द वाचायला कंटाळवाणं वाटतं”

हा आक्षेप नेहमी येतो. शाळेत निबंधाच्या वहीत लाल शाईने ‘पुनरुक्ती टाळा’ असा शेरा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. ती सवय हाडात मुरलेली असते. इंग्रजीतही हीच खोड होती. तिथे फाउलर बंधूंनी 1906 साली आलेल्या लेखनविषयक पुस्तकात तिची चांगलीच खिल्ली उडवली होती.

माझं उत्तर असं. कंटाळा नाव पुन्हा आल्याने येत नाही. वाक्यांचा साचा तोच राहिला, तोच मुद्दा पुन्हा पुन्हा आला की कंटाळा येतो. क्रिकेटच्या बातमीत चेंडूला प्रत्येक वाक्यात ‘चेंडू’ म्हटलं म्हणून कुणी पेपर बाजूला ठेवत नाही. गाडीच्या मेकॅनिकने तीन वेळा ‘क्लच’ म्हटलं तर आपण त्याला दुसरा शब्द वापरायला सांगत नाही. उलट त्याने मध्येच नाव बदललं तर आपण विचारतो, “म्हणजे आता हा वेगळा भाग का?” वाचणारा नेमकं हेच विचारतो. फक्त लेखक समोर नसतो, म्हणून त्याला उत्तर मिळत नाही.

आणि लक्षात घ्या, आरोग्याचा मोठा लेख फार कमी लोक पहिल्या ओळीपासून वाचतात. रात्री दोन वाजता आजींना घाम फुटलाय तेव्हा सून लेखाच्या मधल्या ‘काय करावं’ या मथळ्यावर थेट जाते. वरती लेखकाने ‘रक्तशर्करा म्हणजेच ग्लुकोज’ असं सांगितलं असेल, तरी ते तिने वाचलेलं नसतं.

“पण रुग्णांना वेगवेगळी नावं ऐकावी लागतातच”

हा आक्षेप मात्र खरा आहे. दवाखान्याच्या फाइलमध्ये ‘हायपोग्लायसेमिया’ लिहिलेलं असतं. नर्स ‘हायपो झाला’ म्हणतात. शेजारीण ‘शुगर लो झाली’ म्हणते. जुन्या पिढीतलं कुणी ‘साखर उतरली’ म्हणतं. ही सगळी नावं वाचणाऱ्याला माहीत करून द्यायलाच हवीत. प्रश्न फक्त ती कुठे आणि कशी द्यायची, हा आहे.

माझ्या मते ती एकाच ठिकाणी, एकदाच आणि नावं म्हणूनच द्यावीत. “या लेखात मी याला ‘शुगर लो होणं’ म्हणणार आहे. तुमच्या फाइलमध्ये यालाच हायपोग्लायसेमिया किंवा नुसतं हायपो लिहिलेलं असेल.” एवढं सांगितलं की काम झालं. त्यानंतर लेखभर एकच नाव. नवा मथळा आला की पहिल्या वाक्यात तेच पूर्ण नाव पुन्हा घ्यायचं, म्हणजे मधूनच वाचायला सुरुवात करणाऱ्यालाही सूत्र सापडतं.

मग काहीच बदलायचं नाही का? बदला ना. क्रियापदं बदला, वाक्य कधी लहान कधी मोठं करा. लगेचच्या वाक्यात ‘ती’, ‘हे’, ‘हा त्रास’ असं म्हणा, फक्त मध्ये दुसरी कुठली ‘ती’ येऊन बसलेली नाही ना ते बघा. पण चार ठिकाणी नाव अजिबात बदलू नका: औषधाचं नाव, तपासणीचं नाव, ज्याच्यापुढे आकडा आहे ते नाव, आणि ‘द्या’, ‘घ्या’, ‘थांबवा’ या क्रियापदांच्या आधी येणारं नाव. तिथे शब्द बदलला की कृती बदलते.

लक्षणांचंही तेच. एकदा ‘लक्षणं’ म्हटलं, मग ‘खुणा’, मग ‘धोक्याची चिन्हं’ असं केलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की तिसरी यादी जास्त गंभीर आहे. खरोखरच गंभीर यादी असेल, जसं माणूस बेशुद्ध होणं किंवा फिट येणं, तर ‘धोक्याची चिन्हं’ हा शब्द तिच्यासाठीच राखून ठेवावा.

तोच परिच्छेद पुन्हा

आता वरचा नमुना या नियमांनी लिहून बघू. त्यासाठी आधी तीन शब्द वाटून घेतो. ‘शुगर’ म्हणजे फक्त ग्लुकोमीटरवरचा आकडा. ‘साखर’ म्हणजे फक्त डब्यातली साखर. ‘ग्लुकोज’ म्हणजे फक्त औषधाच्या दुकानात मिळणारी पावडर. आणि आजाराला ‘मधुमेह’च म्हणायचं. ‘मला शुगर आहे’ हे बोलण्यात ठीक, लेखात नको.

“इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर कधी कधी फार खाली जाते. शुगर 70 पेक्षा कमी झाली तर त्याला आपण ‘शुगर लो होणं’ म्हणू. फाइलमध्ये यालाच हायपोग्लायसेमिया म्हणतात. शुगर लो झाली की घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. ती आणखी खाली गेली तर माणूस गोंधळतो. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे ग्लुकोज, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना ग्लुकोजऐवजी साखर देऊन चालत नाही. पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. अजूनही 70 पेक्षा कमी असेल, तर तेवढंच ग्लुकोज पुन्हा द्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. शुगर वारंवार लो होत असेल तर डॉक्टरांना भेटा, औषधांचा डोस बदलावा लागू शकतो.”

एचबीए1सीचं वाक्य मी इथून काढून टाकलं. तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळा मथळा आणि स्वतःचं नाव हवं.

‘शुगर’ इथे पुन्हा पुन्हा आलं आहे. वाचताना तुम्हाला खटकलं का? आणि ‘ग्लुकोजऐवजी साखर देऊन चालत नाही’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहिताच आलं नसतं. तिथे ते ‘साखरेऐवजी साखर’ असं झालं असतं.

“शुगर हा मराठी शब्द आहे का?”

नाही. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना तो बोचेल, याची कल्पना आहे. त्यांनी ‘रक्तशर्करा’ वापरावं, माझी हरकत नाही. अट एकच, मग संपूर्ण लेखात ‘रक्तशर्करा’च ठेवावं आणि चमच्यातल्या पदार्थाला ‘शर्करा’ म्हणू नये. मी ‘शुगर’ निवडतो, कारण ग्लुकोमीटर हातात घेतलेली बहुतेक माणसं तोच शब्द बोलतात, आणि त्यामुळे ‘साखर’ हा शब्द डब्यासाठी मोकळा राहतो.

तुम्ही वाचताना काय कराल?

सगळे लेखक उद्यापासून सुधारणार नाहीत. म्हणून मधुमेहावरचा कुठलाही लेख वाचताना पेन्सिलीने एवढं करा. ‘साखर’, ‘शुगर’, ‘शर्करा’, ‘ग्लुकोज’ जिथे जिथे येईल तिथे खूण करा आणि प्रत्येक खुणेपुढे लिहा: रक्तात, डब्यात, की पावडर. जिथे ठरवता येत नाही, ते वाक्य पाळू नका. ते तसंच घेऊन पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, “इथे नक्की काय म्हणायचंय?” आकडा दिसला तर तो मिलिग्रॅम आहे की टक्का, तेही विचारा.

आणि आजच एक काम करा. घरात कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर लो करू शकणारी गोळी घेत असेल, तर त्यांच्या बाकीच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज, अकार्बोज किंवा मिग्लिटॉल हे नाव आहे का ते बघा. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, म्हणून बारीक अक्षरातलं सगळं वाचा. नाव सापडलं, तर ग्लुकोज पावडरचा डबा आणून ग्लुकोमीटरच्या शेजारी ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: “शुगर लो झाली तर हे द्या. साखर नको.”